आयगेन व्हेक्टर काढताना शून्य सदिश आला, तर चूक कुठे शोधायची?

आयगेन व्हॅल्यू काढून झाल्या, (A − λI)x = 0 ही समीकरणे मांडली, ती नेटाने सोडवली आणि शेवटी x = 0, y = 0, z = 0 असे उत्तर हाती आले, ही वेळ रेषीय बीजगणित शिकणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येते. अशा वेळी काही जण तेच उत्तर आयगेन व्हेक्टर म्हणून लिहून टाकतात, तर काही जण सगळे खोडून पहिल्यापासून गणित करायला घेतात. पहिली गोष्ट चुकीची आहे आणि दुसरी बहुधा अनावश्यक, कारण या टप्प्यावर शून्य सदिश येण्याची कारणे मोजकीच असतात आणि कोणते कारण लागू आहे हे समोरच्या ओळींकडे पाहूनच ओळखता येते. या लेखात एकच मॅट्रिक्स घेऊन ती कारणे क्रमाने पाहू.

शून्य सदिश का चालत नाही

आयगेन व्हेक्टरची व्याख्या Ax = λx अशी आहे आणि x शून्य नसावा ही अट त्या व्याख्येचाच भाग आहे. ही अट काढली, तर x = 0 घेतल्यावर डावी बाजू शून्य आणि उजवी बाजूही शून्य होते; मग λ च्या जागी 7 घाला किंवा −100 घाला, समीकरण खरेच ठरते. म्हणजे प्रत्येक संख्या प्रत्येक मॅट्रिक्सची आयगेन व्हॅल्यू झाली असती आणि त्या शब्दाला काही अर्थच उरला नसता.

येथे एक गोंधळ हमखास होतो. आयगेन व्हॅल्यू शून्य असू शकते. ज्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य आहे, तिची एक तरी आयगेन व्हॅल्यू शून्य असतेच. मनाई आहे ती व्हेक्टर शून्य असण्याला. λ = 0 आले म्हणून ती किंमत टाकून देणे ही चूक शून्य सदिश स्वीकारण्याइतकीच मोठी आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. λ आपण det(A − λI) = 0 या समीकरणातून काढतो. निश्चयक शून्य असणे म्हणजे A − λI च्या ओळी एकमेकींवर अवलंबून असणे, आणि तसे असले की समीकरणांना शून्याशिवाय दुसरी उकल असतेच. म्हणून λ बरोबर असेल, तर ‘फक्त शून्य सदिश’ हे उत्तर येणे अशक्य आहे. ते आले, तर आधीच्या कुठल्या तरी पायरीवर चूक झालेली आहे, याबद्दल शंका ठेवायला जागा नाही.

उदाहरणाची मॅट्रिक्स

```
A =   4   1   1
      4   4   2
     -2  -1   1
```

मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज 4 + 4 + 1 = 9 आहे. कर्णावरचे दोन बाय दोन निश्चयक 12, 6 आणि 6 आहेत. त्यांची बेरीज 24 होते. पूर्ण निश्चयक 24 − 8 + 4 = 20 आहे. त्यामुळे समीकरण पुढीलप्रमाणे मिळते.

λ³ − 9λ² + 24λ − 20 = 0, म्हणजेच (λ − 2)²(λ − 5) = 0

आयगेन व्हॅल्यू 2, 2 आणि 5 आहेत. पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी ताडून पाहाव्यात: आयगेन व्हॅल्यूंची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी, म्हणजे 9, हवी आणि त्यांचा गुणाकार निश्चयकाइतका, म्हणजे 20, हवा. दोन्ही जुळतात. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि ती केली नाही, तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या λ वर खर्च होण्याचा धोका राहतो.

पहिले कारण: λ चुकीची आहे

समजा, (λ − 2)² = 0 वरून घाईत λ = −2 लिहिले गेले. मग A − λI म्हणजे A + 2I होईल.

```
 6   1   1
 4   6   2
-2  -1   3
```

हिचा निश्चयक 120 − 16 + 8 = 112 येतो. तो शून्य नसल्यामुळे समीकरणे कितीही काळजीपूर्वक सोडवली, तरी शून्य सदिशच मिळणार. येथे सोडवण्यात काही चूक नाही. प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. म्हणून शून्य सदिश आला की पहिली कृती ही: A − λI चा निश्चयक पुन्हा काढावा. तो शून्य आला नाही, तर λ चुकीची आहे किंवा कर्णातून λ वजा करताना चूक झाली आहे. या दुसऱ्या प्रकारात λ फक्त पहिल्या पदातून वजा करणे, किंवा कर्णाबाहेरच्या पदांतूनही वजा करणे, अशा चुका येतात. निश्चयक शून्य आला, तर λ बरोबर आहे असे धरून पुढच्या कारणांकडे वळावे.

याच जागी दशांश अपूर्णांकांचीही अडचण येते. 1, 1, 1, 0 या पदांच्या दोन बाय दोन मॅट्रिक्सची मोठी आयगेन व्हॅल्यू (1 + √5)/2 आहे. तिच्याऐवजी 1.618 घेतले, तर निश्चयक 0.618 × 1.618 − 1 = −0.000076 येतो. ही संख्या लहान असली, तरी शून्य नाही, आणि काटेकोरपणे सोडवणाऱ्याला पुन्हा शून्य सदिशच मिळतो. माझ्या मते अशा ठिकाणी √5 शेवटपर्यंत तसेच ठेवावे. ते शक्य नसेल, तर दोनपैकी एकच समीकरण वापरावे आणि दुसरे जवळपास जुळते आहे ना, एवढेच पाहावे.

दुसरे कारण: ओळींवरच्या क्रियेत झालेली चूक

आता λ = 5 घेऊ.

```
A - 5I =  -1   1   1
           4  -1   2
          -2  -1  -4
```

दुसऱ्या ओळीत पहिल्या ओळीची चौपट मिळवली की (0, 3, 6) मिळते. तिसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची दुप्पट वजा केली की (0, −3, −6) मिळते. या दोन ओळींची बेरीज शून्य आहे, म्हणजे तिसरी ओळ नाहीशी होते. उरलेल्या समीकरणांवरून y = −2z आणि x = y + z = −z मिळते. z = −1 घेतले की व्हेक्टर (1, 2, −1) येतो.

सर्वांत जास्त चुका तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या पदात होतात. तेथे −4 − 2 करायचे असते. ऋण चिन्ह दोनदा आल्यामुळे ते −4 + 2 असे वाचले जाते आणि ओळ (0, −3, −2) होते. मग दुसऱ्या ओळीशी बेरीज केली की (0, 0, 4) मिळते, त्यावरून z = 0, मग y = 0, मग x = 0. एका चिन्हाने थेट शून्य सदिशापर्यंत नेले. ही चूक ओळखायची खूण अशी की, λ बरोबर असताना ओळी कमी करत गेल्यावर निदान एक ओळ पूर्ण शून्य झालीच पाहिजे. ती झाली नाही, तर पुढे सोडवत बसू नये. तेथेच थांबून ज्या पायरीवर शेवटची ओळ तयार झाली, ती पायरी तपासावी.

याच्या उलट स्वभावाची चूक अधिक घातक असते, कारण तिच्यात शून्य सदिश येतच नाही. काही जणांना ‘एक ओळ शून्य होणारच’ हे माहीत असते, म्हणून ते तिसऱ्या ओळीला हातच लावत नाहीत. समजा, दुसऱ्या ओळीत 2 + 4 ऐवजी 2 − 4 झाले आणि ती (0, 3, −2) अशी आली. मग 3y = 2z, त्यावरून y = 2, z = 3 आणि x = 5, म्हणजे (5, 2, 3) हे दिसायला अगदी ठीक उत्तर तयार होते. ते कमी केलेल्या दोन्ही ओळींत घालून पाहिले, तर बरोबरही वाटते, कारण ते त्याच चुकलेल्या ओळींतून आलेले आहे. म्हणून ताळा नेहमी मूळ A शी करावा.

A × (5, 2, 3) = (25, 34, −9)

पहिले पद 5 × 5 = 25 असे जुळते आणि येथेच समाधान मानणारे फसतात. पहिली ओळ आपण बदललीच नव्हती, तेव्हा तिचे पद जुळणे स्वाभाविक आहे. दुसरे पद 10 हवे होते, ते 34 आले. चूक तेथे उघडी पडते. बरोबर व्हेक्टर घेतला, तर A × (1, 2, −1) = (5, 10, −5) मिळते आणि तिन्ही पदे जुळतात.

एक सावधगिरी येथेच सांगतो. निश्चयक काढताना स्तंभांवर क्रिया केलेल्या चालतात, त्यामुळे सवयीने व्हेक्टर काढतानाही काही जण दोन स्तंभांची बेरीज-वजाबाकी करतात. स्तंभ बदलले की x, y, z या चलांचा अर्थच बदलतो आणि मिळणारी उकल दुसऱ्याच समीकरणांची असते. व्हेक्टर काढताना क्रिया फक्त ओळींवरच कराव्यात.

तिसरे कारण: क्रॅमरच्या पद्धतीत निवडलेल्या दोन ओळी

अभियांत्रिकीचे बरेच विद्यार्थी ओळी कमी करण्याऐवजी दोन ओळी निवडून दोन बाय दोन निश्चयकांवरून x, y, z चे गुणोत्तर काढतात. λ = 5 साठी पहिल्या दोन ओळी घेतल्या, तर हे निश्चयक असे येतात.

x साठी: (1)(2) − (1)(−1) = 3
y साठी: (−1)(2) − (1)(4) = −6, आणि मधल्या पदाचे चिन्ह बदलून 6
z साठी: (−1)(−1) − (1)(4) = −3

म्हणजे (3, 6, −3), आणि 3 ने भागून (1, 2, −1). मधल्या पदाचे चिन्ह बदलायला विसरले, तर (1, −2, −1) येते. ते पहिल्याच ओळीत घातले की −1 − 2 − 1 = −4 मिळते, त्यामुळे ही चूक लगेच सापडते; मात्र त्यासाठी ते घालून पाहिले पाहिजे.

ही पद्धत वेगवान आहे, पण λ = 2 घेतल्यावर तिची मर्यादा समोर येते.

```
A - 2I =   2   1   1
           4   2   2
          -2  -1  -1
```

कोणत्याही दोन ओळी निवडा, तिन्ही निश्चयक शून्य येतात. विद्यार्थी मग x = 0, y = 0, z = 0 असे लिहितो. येथे λ बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे, चुकला आहे तो निष्कर्ष. तीन शून्यांचा अर्थ ‘उकल शून्य आहे’ असा होत नाही. निवडलेल्या दोन ओळी एकमेकींच्या पटीत आहेत, त्यामुळे त्या दोन मिळून एकाच समीकरणाइतकी माहिती देतात, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी दुसरी जोडी घेऊन पाहावी. सगळ्याच जोड्यांनी शून्य दिले, तर ही पद्धत बाजूला ठेवून उरलेले एकमेव समीकरण थेट सोडवावे. या गणितात ते 2x + y + z = 0 हे आहे.

चौथे कारण: मुक्त चल हातातून निसटते

2x + y + z = 0 या एका समीकरणात तीन चले आहेत, म्हणून दोन चले मुक्त राहतात. y आणि z मुक्त मानले, तर x = −(y + z)/2. आता मुक्त चलांना किमती द्यायच्या आहेत आणि दोन्हींना एकाच वेळी शून्य दिले, तर अर्थातच शून्य सदिश मिळतो. सरळ रीत अशी की, एका मुक्त चलाला सोयीची किंमत द्यावी व दुसऱ्याला शून्य, आणि मग उलट करावे. अपूर्णांक टाळण्यासाठी येथे 1 ऐवजी 2 घेणे बरे. y = 2, z = 0 वरून (−1, 2, 0) मिळतो आणि y = 0, z = 2 वरून (−1, 0, 2). पहिल्याला A ने गुणले की (−2, 4, 0) आणि दुसऱ्याला गुणले की (−2, 0, 4) येते. दोन्ही ठिकाणी बरोबर दुप्पट.

समजा, बाजू बदलताना उणे चिन्ह राहून गेले आणि x = (y + z)/2 असे लिहिले गेले. मग (1, 2, 0) हा व्हेक्टर मिळेल. A × (1, 2, 0) = (6, 12, −4). पहिली दोन पदे नेमकी सहापट आहेत, त्यामुळे जणू λ = 6 असावे असा भास होतो, पण तिसऱ्या पदात 0 च्या जागी −4 आहे. ताळा करताना शून्य असलेले पद वगळू नये, हे या आकड्यांवरून पटावे.

दोन व्हेक्टर लिहायचे असताना (−1, 2, 0) आणि (1, −2, 0) असे लिहिले, तर ते दोन मोजले जात नाहीत, कारण दुसरा पहिल्याचीच −1 पट आहे. त्याचप्रमाणे λ = 2 चे कोणतेही दोन व्हेक्टर मिळवले आणि बेरीज शून्य आली नाही, तर ती बेरीजही λ = 2 चाच आयगेन व्हेक्टर असते; पण λ = 2 चा एक आणि λ = 5 चा एक अशी बेरीज केली, तर ती आयगेन व्हेक्टर राहत नाही. (1, −2, 0) आणि (1, 2, −1) यांची बेरीज (2, 0, −1) आहे आणि तिला A ने गुणल्यावर (7, 6, −5) येते, जे तिच्या कोणत्याही पटीत नाही.

मुक्त चलाची सर्वांत अवघड चूक मात्र वेगळीच आहे आणि ती पुढील मॅट्रिक्समध्ये स्पष्ट दिसते.

```
B =  3  1  0        B - 3I =  0  1  0
     0  3  0                  0  0  0
     0  0  5                  0  0  2
```

B − 3I वरून y = 0 आणि 2z = 0 ही समीकरणे मिळतात. x कुठल्याच समीकरणात दिसत नाही. येथे अनेकांचे मन सांगते की, जे दिसत नाही ते शून्य असणार, आणि उत्तर (0, 0, 0) लिहिले जाते. खरे तर समीकरणात न येणारे चल पूर्णपणे मुक्त असते, कारण त्याच्यावर कोणतीही अट नाही. म्हणून x = 1 घ्यावे आणि व्हेक्टर (1, 0, 0) येतो. A − λI मध्ये एखादा स्तंभ पूर्ण शून्य असेल, तर त्या स्तंभाचे चल मुक्त आहे, असे सोडवायला सुरुवात करण्यापूर्वीच समीकरणांच्या शेजारी लिहून ठेवावे.

B मध्ये λ = 3 दोनदा येते, तरी तिचा स्वतंत्र व्हेक्टर एकच मिळतो. A मध्ये λ = 2 दोनदा आली होती आणि व्हेक्टर दोन मिळाले. म्हणजे मूळ किती वेळा आले, यावरून व्हेक्टरांची संख्या ठरत नाही. ती फार तर तेवढी असू शकते. खरी संख्या A − λI च्या नल स्पेसची मिती असते आणि ती मोजायची रीत सोपी आहे: एकूण चलांतून, ओळी कमी केल्यावर उरलेल्या शून्येतर ओळींची संख्या वजा करावी. A − 2I मध्ये 3 − 1 = 2 आणि B − 3I मध्ये 3 − 2 = 1. व्हेक्टर काढण्यापूर्वी ही संख्या लिहून ठेवली, तर B सारख्या गणितात नसलेला दुसरा व्हेक्टर ओढूनताणून आणण्याचा मोह होत नाही, आणि वजाबाकी 0 आली, तर पहिल्या दोन कारणांपैकी एक लागू आहे हे तेथेच कळते. नल स्पेस A ची नव्हे, तर A − λI ची काढायची, हेही येथे सांगायला हवे; A ची नल स्पेस फक्त λ = 0 साठी उपयोगी पडते.

संगणकाने ताळा करताना

पायथनमधील नमपाय वापरून उत्तर ताडता येते, पण तेथे वाचण्यातली एक चूक वारंवार होते.

```python
import numpy as np
A = np.array([[4, 1, 1], [4, 4, 2], [-2, -1, 1]])
w, V = np.linalg.eig(A)
for k in range(3):
    v = V[:, k]
    print(w[k], v, A @ v - w[k] * v)
```

`V` मधील व्हेक्टर स्तंभांत असतात, ओळींत नव्हे; `V[k]` असे वाचले, तर भलतेच आकडे समोर येतात आणि हाताने केलेले बरोबर गणित चुकीचे वाटू लागते. शिवाय प्रत्येक व्हेक्टरची लांबी 1 केलेली असते. आपला (1, 2, −1) तेथे साधारण 0.408, 0.816, −0.408 असा किंवा तिन्ही चिन्हे उलटी होऊन दिसतो. जुळणी करण्यासाठी सर्व पदांना पहिल्या पदाने भागावे. λ = 2 साठी तर आलेले दोन व्हेक्टर आपल्या दोघांपेक्षा अगदी वेगळे दिसू शकतात, कारण त्या प्रतलातील कोणतीही स्वतंत्र जोडी चालते. तेथे भागून काही साधत नाही; संगणकाच्या व्हेक्टरची पदे 2x + y + z मध्ये घालून बेरीज शून्य, किंवा शून्याच्या अगदी जवळ, येते का ते पाहावे.